तांदळाच्या पिठीचा साटा लावून चिरोटे: पदर सुटावेत आणि कुरकुरीत राहावेत म्हणून

चिरोट्यांची कृती बहुतेक ठिकाणी पाच ओळींत उरकलेली असते. मैदा भिजवा, साटा लावा, गुंडाळा, कापा, लाटून तळा. हे सगळं केल्यावरही कधी जाडजूड पुरी हाती येते, कधी पदर तेलात सुटून कढईभर फिरतात, तर कधी पहिल्या दिवशी छान लागलेले चिरोटे तिसऱ्या दिवशी चिवट होतात. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: दोन पदरांच्या मधला साटा. तो कसा हवा, लाटताना आणि तळताना तो जागेवर कसा राहील, हे कळलं की बाकीचं सोपं आहे. म्हणून हा लेख सगळा साट्याभोवतीच आहे. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी खालचं प्रमाण जसंच्या तसं घ्यावं. यात मध्यम आकाराचे ३० ते ३५ चिरोटे होतात.

लागणारं साहित्य

- पारीसाठी: मैदा २५० ग्रॅम, अगदी बारीक रवा २ मोठे चमचे, मोहनासाठी साजूक तूप ३ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, भिजवायला पाणी किंवा पाणी-दूध निम्मंनिम्मं (साधारण १०० ते ११० मिली)
- साट्यासाठी: घट्ट साजूक तूप ४ मोठे चमचे, तांदळाची पिठी ४ मोठे चमचे आणि हाताशी १ चमचा जास्तीची
- तळायला: तेल किंवा तूप
- वरून: पिठीसाखर, वेलचीपूड
- अवजारं: परात, पोळपाट-लाटणं, धारदार सुरी, पसरट कढई, झारा, चाळणी

रवा अगदी बारीक हवा. कर्नाटकात याच कामासाठी मिळणाऱ्या बारीक रव्याला चिरोटी रवा म्हणतात, तो मिळाला तर उत्तम. जाडा रवा घेतला तर पारी पातळ लाटताना कणाकणाशी फाटते आणि फाटलेल्या जागेतून साटा बाहेर येतो.

१. तांदळाची पिठी पारखून घ्या

साट्याला मोदकाची पिठी सगळ्यात चांगली, म्हणजे तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळलेली. ती मऊ असते आणि तुपात गुठळ्या होत नाहीत. भाकरीचं पीठ घरात असेल तर तेही चालतं, पण मैद्याच्या चाळणीने किंवा पातळ कपड्यातून चाळून घ्या. बोटांच्या चिमटीत चोळल्यावर खरखर जाणवली नाही पाहिजे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथल्या पूर्व आशियाई दुकानांत तांदळाची दोन पिठं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात: एक साध्या तांदळाचं आणि एक चिकट तांदळाचं. पाकिटं दिसायला सारखीच असतात. चिकट तांदळाचं पीठ साट्याला अजिबात घेऊ नका. पदर वेगळे ठेवणं हे साट्याचं काम आहे आणि ते पीठ नेमकं उलटं वागतं.

काही जणी साट्यात कॉर्नफ्लोअर घालतात. त्याचा साटा गुळगुळीत होतो आणि लावायला सोपा जातो. मला मात्र तांदळाच्या पिठीने येणारा खुसखुशीतपणा जास्त आवडतो.

२. पीठ घट्ट भिजवा आणि मुरू द्या

मैदा, रवा, मीठ एकत्र करून त्यात कडकडीत तापवलेलं मोहन घाला. चमच्याने कालवा, सोसवेल इतकं निवलं की दोन्ही हातांनी चोळा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर मोडला, की मोहन बरोबर आहे. मोहन कमी झालं तर चिरोटा कडक होतो. जास्त झालं तर पारीला जोर राहत नाही आणि चिरोटा तेलात विरघळल्यासारखा होतो. चांगले होतील म्हणून मोहन सढळ हाताने घालण्याचा मोह होतो, तो टाळा. तूप जे घालायचं ते साट्यात आहेच.

आता पाणी थोडं थोडं घालत पुरीच्या पिठाएवढं घट्ट भिजवा. पोळीच्या कणकेसारखं सैल पीठ इथे चालत नाही. सैल पारी साटा शोषून घेते आणि दाब पडला की पदर एकमेकांना चिकटतात. पीठ भिजवल्यावर पिळलेल्या ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास ठेवा. तेवढ्यात रवा फुगतो, मैद्याचा ताण उतरतो आणि लाटलेली पारी मागे खेचली जात नाही. मग पीठ पुन्हा चांगलं मळा. काही घरांत ते खलबत्त्यात कुटतात. त्याने पीठ एकजीव होतं आणि पारी कागदासारखी पातळ लाटता येते.

३. साटा: इथे घाई करू नका

तूप घट्ट पण मऊ हवं, बोट रुतेल असं. ते परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसायला लागा. पाच-सात मिनिटांत पिवळेपणा जाऊन ते पांढरट आणि हलकं होतं. मग पिठी एकेक चमचा घालून फेसत राहा. तयार साटा लोण्यासारखा पसरला पाहिजे, पण परात तिरकी केली तरी ओघळता कामा नये.

पाहायची जुनी रीत अशी: साट्याची लहानशी गोळी वाटीभर गार पाण्यात सोडायची. तरंगली तर साटा झाला, बुडाली तर अजून फेसायचा. नुसतं तूप पाण्यावर तरंगतंच, पण पिठी घातल्यावर ते जड होतं. म्हणजे गोळी तरंगते ती फेसताना आत शिरलेल्या हवेमुळे. असा हलका साटा पारीवर पातळ आणि सारखा पसरतो.

नुसतं तूप लावून का भागत नाही, असं मला विचारलं जातं. गुंडाळताना आणि लाटताना दाब पडला की नुसतं तूप बाजूला सरकतं किंवा पारीत जिरतं. मग मैद्याला मैदा लागतो आणि दोन पदरांचा एक होतो. पिठीचे कण तुपाला धरून ठेवतात, त्यामुळे मधला थर दाबातही टिकतो. तांदळाला मैद्यासारखी चिवट तार सुटत नाही, म्हणून दोन पारींना जोडण्याचं कामही ती करत नाही. कढईत गेल्यावर पारीतल्या पाण्याची वाफ होते, ती या थराच्या जागी वाट काढते आणि पदर एकमेकांपासून उचलले जातात. साट्याचा थर सलग असेल तिथे पदर सुटतो. जिथे तो तुटला तिथे सुटत नाही.

दिवाळीच्या सुमाराला मुंबई-कोकणात ऑक्टोबरचा उकाडा असतो, तेव्हा साटा पाहता पाहता पातळ होतो. अशा वेळी परात गार पाण्यावर ठेवून फेसा. पातळ झालाच तर हाताशी ठेवलेली चमचाभर पिठी घाला आणि वाटी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. साट्यात पाणी किंवा बर्फ मात्र पडू देऊ नका, पिठी चिकट होते आणि तळताना तेल उडतं. उलट थंड प्रदेशात साटा दगडासारखा होतो आणि पसरवताना पारी फाटते. तिथे तो स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून मऊ करून घ्यावा, वितळवू नये.

४. पाऱ्या लाटा, साटा लावा, गुंडाळा

पिठाच्या ९ सारख्या लाट्या करा. यातून तीन-तीन पाऱ्यांच्या ३ गुंडाळ्या होतील. प्रत्येक पारी साधारण २० ते २२ सेंटिमीटर व्यासाची लाटा, म्हणजे पोळपाटाची नक्षी किंवा रंग आरपार जाणवेल इतकी पातळ. लाटायला लागलीच तर पिठी घ्या, पण अगदी नावापुरती, आणि साटा लावण्यापूर्वी पारी झटकून घ्या. कोरडं पीठ राहिलं तर साटा पारीला धरत नाही.

पहिल्या पारीवर साधारण दोन लहान चमचे साटा बोटांनी सगळीकडे पसरवा, कडेपर्यंत. थर इतकाच हवा की पारी पांढुरकी दिसेल पण खालचा पोत पुसला जाणार नाही. जाड थर दिला की पदर जास्त सुटतील असं वाटतं, पण होतं उलटंच: जास्तीचा साटा लाटताना बाहेर येतो, तेलात उतरतो, तेल फेसाळतं आणि चिरोटे सुटे होतात. त्यावर दुसरी पारी ठेवा, साटा लावा, मग तिसरी. तिसऱ्या पारीवरही साटा हवा, कारण गुंडाळल्यावर तिची वरची बाजू पहिलीच्या खालच्या बाजूला लागणार आहे. फक्त गुंडाळीचा शेवट होईल त्या कडेला बोटभर जागा कोरडी ठेवा.

आता अलीकडच्या कडेपासून गुंडाळायला घ्या. पहिला वेढा सगळ्यात महत्त्वाचा. तो बोटांनी दाबून घट्ट घ्या, मध्ये पोकळी राहू देऊ नका. पोकळी राहिली तर चिरोट्याच्या मधोमध भोक पडतं आणि तिथूनच तो उलगडायला लागतो. शेवटच्या कोरड्या कडेला पाण्याचं बोट लावून चिकटवा आणि हलक्या हाताने गुंडाळी दोन-तीनदा मागे-पुढे फिरवा. ती साधारण ३ सेंटिमीटर जाड होते. या मापाच्या गुंडाळीत मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत डझनभर पदर बसतात.

गुंडाळी मऊ लागत असेल तर १० ते १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून जास्त वेळ नको, नाहीतर साटा कडक होतो आणि लाटताना फुटून बाहेर पडतो.

५. कापा आणि लाटा

दोन्ही टोकं निमुळती आणि विस्कटलेली असतात, ती कापून बाजूला ठेवा. शेवटी त्यांचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे तळता येतात. बाकीच्या गुंडाळीचे दीड ते पावणेदोन सेंटिमीटरचे तुकडे करा. सुरी धारदार हवी आणि करवतीसारखी पुढे-मागे ओढत कापायचं. सुरी वरून दाबली तर कापलेल्या तोंडाशीच सगळे पदर चेपले जातात. ते तोंड मिटलं की तेल आत शिरायला वाट राहत नाही.

तुकडे कोरड्या झाकणाखाली ठेवा. पिठाच्या गोळ्यावर ओलं फडकं चालतं, पण कापलेल्या तुकड्यांवर नाही, कारण तोंडाशी ओल लागली की पदर चिकटतात.

आता लाटणं. तुकडा पोळपाटावर असा ठेवा की कापलेली बाजू वर येईल आणि गोल गोल वेढे डोळ्यांना दिसतील. तळहाताने हलकेच दाबून बसका करा. मग लाटणं अलगद फिरवा, चिरोटा थोडा वळवा, पुन्हा एकदा फिरवा. ७ ते ८ सेंटिमीटरचा झाला की थांबा. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. लाटताना वेढ्यांच्या रेघा सतत दिसत राहिल्या पाहिजेत. रेघा पुसट झाल्या म्हणजे हात जड पडला, तो चिरोटा आता पुरीसारखा फुगेल किंवा सपाट राहील. काही जणी फक्त मध्यावर लाटतात आणि कडा जाडसर ठेवतात. कडेचे पदर त्याने जास्त खुलतात हे खरं, पण कडा आतून कच्ची राहण्याचा धोका असतो, म्हणून नवख्यांनी सारखंच लाटावं.

इथे कोरडं पीठ अजिबात नको. ते तेलात उतरून जळतं आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके येतात. चिकटत असेल तर पोळपाटाला तुपाचं बोट फिरवा.

लांबट चिरोटे हवे असतील तर तुकडा आडवा ठेवा, म्हणजे कापलेल्या बाजू डाव्या-उजव्या हाताला येतील, आणि लांबीला एकाच दिशेने लाटा. ते दिसतात छान, पण त्यांचे पदर तेलात पटकन उघडतात. पहिल्यांदा करताना गोलच करा.

६. तळणं

पसरट कढईत तेल मध्यम आचेवर तापवा. कापलेल्या टोकाचा छोटा तुकडा सोडून पाहा. तो तळाशी जाऊन चार-पाच सेकंदांनी, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आला की तेल तयार आहे. टाकताक्षणी वर उसळला तर तेल जास्त तापलंय, खालीच बसून राहिला तर कमी. थर्मामीटर असेल तर १५० ते १६० अंश सेल्सिअस पाहा.

सुरुवातीला एकच चिरोटा सोडा. वेढ्यांची बाजू वर ठेवून तो कडेने अलगद सरकवा आणि अर्धं मिनिट झारा लावू नका. या वेळी पदर ओले आणि मऊ असतात, धक्का लागला तर उलगडतात. बाहेरचा पदर जरा धरला की झाऱ्याने गरम तेल त्याच्या मध्यावर उडवत राहा. एकेक वेढा वर उचलला जाताना दिसेल. मग आच मंद-मध्यम करून उलटा आणि दुसरी बाजू होऊ द्या.

चिरोटा झाला का, हे रंगापेक्षा बुडबुड्यांवरून कळतं. पारीत पाणी आहे तोवर बुडबुडे जोरात येतात. ते विरळ होऊन तेल शांत व्हायला लागलं की आतली ओल गेली. यासाठी एका घाण्याला सहा-सात मिनिटं लागतात, आणि ती द्यायलाच हवीत. रंग मोतिया ते अगदी फिकट बदामी ठेवा. काढण्याआधी शेवटचं अर्धं मिनिट आच थोडी वाढवा, म्हणजे चिरोटे तेल कमी धरून ठेवतात.

बाहेर काढलेले चिरोटे चाळणीत उभे ठेवा, एकमेकांना टेकवून. आडवे ठेवले तर पदरांमधलं तेल तिथेच थांबतं आणि थोड्या वेळाने ते तेलकट लागतात.

७. पहिला चिरोटा मोडून पाहा

तो निवल्यावर मधोमध मोडा. बाकीचे अजून लाटायचे आहेत, तेव्हा दुरुस्तीला वाव असतो.

पदर बाहेर सुटे दिसतायत पण मध्यभागी पांढरा, मऊ गोळा आहे, तर तेल गरम होतं किंवा चिरोटा जाड होता. मध्यावर लाटणं एकदा जास्त फिरवा आणि आच उतरवा. तिसऱ्या दिवशी चिवट होणारे चिरोटे हेच: आतली उरलेली ओल डब्यात बाहेरच्या पदरांपर्यंत पोहोचते. पदर सुटलेच नाहीत आणि पुरीसारखा फुगवटा आला, तर हात जड पडलाय किंवा पीठ सैल आहे. पीठ सैल असेल तर गुंडाळ्या थोडा वेळ गार करून लाटल्याने निभावतं.

चिरोटा तेलातच उलगडला, तर आधी फक्त बाहेरचं टोक सुटलंय का ते पाहा. तसं असेल तर कापलेल्या प्रत्येक तुकड्याचं टोक पाण्याच्या बोटाने पुन्हा चिकटवा. पण सगळेच वेढे सैलावून तेल फेसाळत असेल, तर साटा जास्त किंवा पातळ आहे. राहिलेल्या गुंडाळ्या गार करा, तेल किंचित जास्त तापवून चिरोटे सोडा आणि ते धरले की आच कमी करा. फेसाळलेल्या तेलात पुढचा घाणा टाकू नका, झाऱ्याने फेस काढून तेल स्थिर होऊ द्या.

८. साखर आणि साठवण

गरम चिरोट्यावर पिठीसाखर घातली तर ती वितळून ओलसर होते. गार चिरोट्यावर ती धरत नाही आणि डब्याच्या तळाशी पडते. म्हणून कोमट असताना वेलचीपूड मिसळलेली पिठीसाखर भुरभुरवा. पाकातले चिरोटे करायचे असतील तर एकतारी पाक करून तो कोमट ठेवा, गार झालेला चिरोटा त्यात बुडवून लगेच काढा आणि पाक निथळायला उभा ठेवा. पाक एकतारीपेक्षा कच्चा असेल तर पदर भिजून लोळतात.

डबा भरण्याआधी चिरोटे पूर्ण गार होऊ द्या, किमान तीन-चार तास. आत ऊब राहिली तर झाकणाला घाम येतो आणि तो चिरोट्यांवरच पडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात कागद घालून उभे रचा. दमट हवेच्या गावी मी थोडेच चिरोटे साखर लावून ठेवते. साखर हवेतली ओल ओढते, बिनसाखरेचे जास्त दिवस कुरकुरीत राहतात. वाढायच्या वेळी साखर भुरभुरवावी किंवा कर्नाटकातल्या पंगतीत चिरोटीवर पिठीसाखर आणि बदामाचं दूध घालतात तसं वाढावं.

मऊ पडलेले बिनसाखरेचे चिरोटे १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवून गार केले की पुन्हा कुरकुरीत होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर जाळी ठेवून, झाकण न घालता, अगदी मंद आचेवर तेवढाच वेळ ठेवा. साखर लावलेल्यांना हे करू नका, साखर वितळून पदर एकमेकांना चिकटतात.